नोटिशीला न्यासाचे उत्तर

प्राप्तिकर कायद्याखालील नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज केला की खात्याची नोटीस येते: कामाचे पुरावे द्या. अनेक विश्वस्त उत्तरात संस्थेचा इतिहासच लिहितात. अधिकाऱ्याला मात्र पैशाचा माग हवा असतो. समजा, जमाखर्चात शिष्यवृत्तीपोटी ६०,००० रुपये आहेत आणि बँकेतून ४५,०००च गेलेत. तफावत दिसणारच, ती आपणच आधी सांगावी, हे उत्तम. ‘उरलेले १५,००० देणगीपेटीतल्या रोकडीतून दिले, रोजकीर्दीचे पान व विद्यार्थ्यांच्या सहीच्या पावत्या सोबत आहेत,’ एवढे वाक्य पुरते. उत्तरे नोटिशीतल्या क्रमानेच द्यावीत. कागद जमले नसतील, तर तारीख उलटण्याआधी पोर्टलवर मुदतवाढ मागावी. गप्प राहिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मग अपिलीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते.