कर्णावर घडी घालून पाहा

सममितीच्या कृतिपत्रिकेत चौरस, त्रिकोण, पतंग, फुलपाखरू असे आकार असतात. ज्यांच्या घडीचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसतात, ते ओळखायचे आणि अशा घडीच्या रेषा, म्हणजे सममितीचे अक्ष, मोजायचे. फुलपाखरू मुलांना सहज जमतं. चुका होतात त्या आयतापाशी. आयताला दोन अक्ष आहेत, पण बरीच मुलं चार लिहितात. उभा, आडवा आणि दोन्ही कर्ण.

त्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नसतं. कर्णावर कापलं की आयताचे दोन अगदी सारखे त्रिकोण होतात. मग चूक कुठे?

१२ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद कागद घ्या आणि कर्णावर घडी घाला. वरचा कोपरा समोरच्या कोपऱ्यावर यायला हवा, तो ४.२ सेंमी बाजूला पडतो आणि कागदाचं टोक बाहेर डोकावतं. आता घडी उलगडून त्याच रेषेवर कापा. एक त्रिकोण न उलटता टेबलावरच अर्धा वळसा फिरवा, की तो दुसऱ्यावर नेमका बसतो. म्हणजे भाग सारखे आहेत, पण ते जुळतात फिरवल्यावर. घडी घालताना मात्र कागद फिरत नाही, उलटतो. कृतिपत्रिकेतला प्रश्न या उलटण्याचा आहे.

चौरसाच्या शेजारच्या बाजू समान असल्यामुळे त्याचे कर्णही चालतात आणि अक्ष चार होतात. समांतरभुज चौकोन मुलांना सममित वाटतो, पण बाजू असमान आणि कोन तिरपे असतील तर त्याला एकही अक्ष नसतो. रांगोळीतलं स्वस्तिक घ्या. पाव वळसा फिरवलं तरी ते तसंच दिसतं, पण कुठेही घडी घाला, हातांची टोकं विरुद्ध दिशांना वळलेली राहतात. त्याचेही अक्ष शून्य.

दुसरी चूक मोजण्यातली. पाच टोकांच्या चांदणीला मुलं दहा अक्ष लिहितात, कारण ती टोकंही मोजतात आणि खाचाही. पण टोकातून निघालेली रेषा समोरच्या खाचेतूनच बाहेर पडते, म्हणून रेषा पाचच. प्रत्येक घडीवर रंगीत पेन्सिलीने या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली की तीच रेषा दोनदा मोजली जात नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. आकार कडेवरून कापून घ्या, छापील बाजू बाहेर ठेवून घडी घाला आणि खिडकीच्या उजेडात धरा. दोन्ही कडांची एकच रेघ दिसली तर तो अक्ष. दोन रेघा दिसल्या तर आधी घडी नीट घातली आहे ना, ते पाहा. झेरॉक्समध्ये चौरस किंचित लांबट झाला असेल तर नीट घातलेली कर्णाची घडीही जुळणार नाही. अशा वेळी मुलाचं उत्तर खोडण्याआधी पट्टी घेऊन चौरसाच्या बाजू मोजा.