सायकलची चेन घसरतेय? आधी टेप लावा. अर्धा सूत की एक सूत, त्यावर ठरेल खर्च

चढावर उभं राहून जोरात पायडल मारलं की ‘खट्ट’ आवाज होतो, पाय एकदम खाली जातो आणि गुडघा हँडलला आपटतो. शाळा-कॉलेजला गिअरच्या सायकलीने जाणाऱ्या अनेक मुलांना हा अनुभव येतो. मागून उसाचा ट्रॅक्टर येत असताना असा झटका बसला तर थेट रस्त्यावर पडण्याचा धोका असतो. चेन घसरू लागली की बहुतेक जण दुकानात जाऊन नवी चेन टाकून घेतात. मात्र काही वेळा नव्या चेनमुळे घसरणं थांबत नाही, उलट वाढतं. मग दुकानदाराने हलका माल दिला असं वाटतं. बऱ्याचदा दोष चेनचा नसून मागच्या दातेरी चक्रीचा असतो. दोन्हीतलं नेमकं काय गेलंय, हे सुताराच्या टेपने घरीच तपासता येतं.

चेन ‘ताणते’ म्हणजे काय?

चेन ताणली असं आपण म्हणतो, पण तिचं लोखंड रबरासारखं लांबत नाही. चेनच्या प्रत्येक जोडात एक पिन असते. धूळ, वाळू आणि तेल यांचा लगदा त्या जोडात शिरतो आणि पिन आतून घासली जाते. एका जोडात पडणारी ढील डोळ्यांना दिसत नाही. पण चेनला शंभराहून जास्त जोड असतात, त्यामुळे सगळी ढील मिळून चेन लांब होते.

नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं. चक्रीचे दातेही याच मापाचे असतात. चेन लांबली की ती दात्याच्या बुडाशी न बसता वर सरकते आणि दात्याला एका बाजूने घासते. हळूहळू दाताही जुन्या चेनच्या वाढलेल्या मापाचा होतो. त्यामुळे जुनी चेन आणि जुनी चक्री एकमेकींशी जुळवून घेतात आणि बरेच दिवस घसरत नाहीत. त्याच झिजलेल्या चक्रीवर बरोबर मापाची नवी चेन टाकली की ती दात्यात नीट बसत नाही आणि जोर पडला की उडी मारते.

टेपने असं मोजा

आधी चेन फडक्याने पुसून घ्या. मागचा ब्रेक दाबून पायडलवर हाताने थोडा जोर द्या, म्हणजे चेनची वरची बाजू ताठ होईल. टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो, म्हणून तिथून मोजू नका. १ इंचाची रेघ एका पिनच्या बरोबर मध्यावर धरा. ती पिन सोडून पुढे २४ पिना मोजा. चोविसाव्या पिनचा मध्य १३ इंचाच्या रेघेवर यायला हवा, कारण २४ अर्धे इंच म्हणजे १२ इंच.

पिन रेघेवर किंवा केसभर पुढे असेल, तर चेन चांगली आहे.

पिन अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल, तर चेन बदलायची वेळ झाली आहे. या टप्प्यावर चक्री बहुधा वाचलेली असते, त्यामुळे फक्त चेनच्या खर्चात काम भागतं.

पिन एक सूत किंवा त्याहून जास्त पुढे असेल, तर चक्रीही झिजली आहे असं धरा. नुसती चेन बदलली तर ती घसरण्याची शक्यता मोठी आहे. दोन-तीन ठिकाणी मोजून खात्री करा.

नवी चेन टाकूनही घसरतेय?

एक उदाहरण घेऊ. मागे ७ चक्र्या असलेली सायकल आहे. रोजचा रस्ता सपाट असल्याने मुलगा कायम सगळ्यात लहान दोन चक्र्यांवरच चालवतो. चेन मोजली तेव्हा पिन १३ इंचाच्या पुढे सव्वा सूत गेलेली होती. दुकानात फक्त चेन बदलली. आता लहान दोन चक्र्यांवर जोर दिला की चेन उडी मारते, पण मोठ्या चक्र्यांवर कितीही जोर दिला तरी घसरत नाही. चेन खराब असती तर ती सगळीकडे त्रास देती. ठरावीक चक्र्यांवरच घसरते, म्हणजे रोज वापरलेल्या त्याच दोन चक्र्या झिजल्या आहेत.

दाते नुसते बघून हे ओळखणं अवघड असतं. फार झिजलेला दाता विळ्यासारखा वाकडा दिसतो, हे खरं. पण गिअर सहज बदलावा म्हणून काही दाते कारखान्यातूनच आखूड आणि तिरपे केलेले असतात. त्यांना झिजलेलं समजू नका.

सगळ्याच चक्र्यांवर त्रास होत असेल तर दुसरी कारणं बघा. ठरावीक अंतराने एकच झटका बसत असेल, तर एखादी कडी आखडलेली असते. पायडल सावकाश उलटं फिरवून मागच्या लहान चाकांपाशी बघा, आखडलेली कडी तिथे सरळ न होता उडते. खटखट होऊन चेन शेजारच्या चक्रीवर जात असेल, तर गिअरची वायर जुळवायला हवी. चेन दात्यात नीट बसलेली असून पायडल मोकळंच फिरत असेल, तर फ्रीव्हीलमधले खटके गेले आहेत.

बिनगिअरच्या साध्या सायकलवर आधी चेन सैल आहे का ते बघा. मधोमध दाबल्यावर ती साधारण अर्धा इंच वर-खाली व्हावी. जास्त हलत असेल तर मागचं चाक थोडं मागे ओढून नट आवळा. तरीही घसरली तर वरच्यासारखंच मोजा.

दुकानात जाण्यापूर्वी

मागचा संच कॅसेट आहे की फ्रीव्हील, हे बघून घ्या. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. चक्र्या हाताने उलट्या फिरवा आणि सगळ्यात लहान चक्रीच्या मधलं, पान्याच्या खाचांचं कडं बघा. ते चक्र्यांसोबत फिरलं तर कॅसेट आणि जागेवरच राहिलं तर फ्रीव्हील. नवा संच घेताना चक्र्यांची संख्या तीच हवी. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्रीचे दातेही मोजून न्या.

नवी चेन जुन्या चेनशेजारी लटकवून कापू देऊ नका. जुनी चेन लांबलेली असते, त्यामुळे माप चुकतं. दोन्हीच्या कड्या मोजूनच कापायला सांगा.

जुनी चेन लगेच भंगारात टाकू नका. नवी चेन घसरली आणि चक्रीसाठी पैसे हाताशी नसले, तर जुनी परत चढवून काही दिवस काढता येतात. एक सूत लांबलेली चेन अजून घसरत नसेल, तर दोन्ही तशीच चालवून शेवटी एकदम बदलणंही परवडतं. मात्र एकदा घसरायला लागली की उभं राहून पायडल मारू नका, आणि संच बदलेपर्यंत न घसरणाऱ्या मोठ्या चक्रीवरच सायकल चालवा.