मधाचे बोट आणि तान्हे बाळ

अष्टमूलगुणांत मधाचा त्याग सांगितलेला असल्याने जैन स्वयंपाकघरात मध सहसा नसतो. तरीही ‘औषधाला चालतो’ या समजुतीने, बाळगुटीतून किंवा खोकल्याच्या चाटणातून, तो तान्ह्याच्या ओठांपर्यंत पोहोचतो. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत ही सवलत घातक ठरू शकते.

मधात काही वेळा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यातील परिपक्व जंतुसृष्टी त्यांना रुजू देत नाही; तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष निर्माण करतात आणि स्नायू शिथिल पडतात. मध शुद्ध असला किंवा घरी उकळला, तरी बीजाणू नष्ट होत नाहीत.

चार महिन्यांच्या बाळाला असे चाटण दिले, तर लक्षणे काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनीही दिसतात. प्रथम बद्धकोष्ठ होतो. मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडणे क्षीण होते, पापण्या जडावतात, मान लुळी पडते. बहुधा ताप नसल्याने घरचे निश्चिंत राहतात. पुढे मात्र श्वास अडखळू शकतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे आणि मध दिल्याचे न लपवता सांगावे.

पहिले सहा महिने आईचे दूधच पुरेसे असते. वरचे अन्न सुरू झाल्यावरही वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी गाईचे दूध देऊ नये, कारण त्यात लोह अत्यल्प असते.