गुलाबी पाण्याची दहा मिनिटं

जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. उपग्रहाने टिपलेली दोन छायाचित्रं नासाने तेव्हा प्रसिद्ध केली होती. २५ मेच्या छायाचित्रात सरोवर हिरवट दिसतं, १० जूनच्या छायाचित्रात गुलाबी. मधे फक्त सोळा दिवस.

यावर यूट्यूबसाठी दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे असं धरू. आपल्याकडे असे व्हिडिओ कसे सुरू होतात ते सगळ्यांना पाठ आहे. आधी ‘नमस्कार मित्रांनो’, मग वाद्यांच्या गजरात गरगरत येणारं चॅनेलचं चिन्ह, मग लोणारला जायचं कसं, लवणासुराची कथा, विवराचा व्यास १.८ किलोमीटर. गुलाबी पाणी येतं चौथ्या मिनिटाला. तोवर अर्धी पंगत उठून गेलेली असते.

हे उठून जाणं यूट्यूब व्हिडिओ टाकणाऱ्याला आलेखावर दाखवतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर टिकून राहिलेले प्रेक्षक. तिसाव्या सेकंदाला किती जण उरले, हा आकडा तर वेगळा काढून देतं. सुरुवातीला ही रेघ जवळपास प्रत्येकाचीच घसरते. बघायचं ते इतकंच, की ती किती उभी कोसळते आणि कुठे सपाट होते.

ती सपाट कशाने होते, याचं एक उत्तर मानसशास्त्रात आहे. जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं, की आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही यातली फट दिसली, की कुतूहल जागं होतं. म्हणजे काहीच माहीत नसलेल्या माणसाला कुतूहल नसतं. थोडं कळलेल्याला असतं. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे सामान्यज्ञानाचे ४० प्रश्न विचारून तपासलं. ज्या प्रश्नांची उत्तरं लोकांना मुळीच सुचत नव्हती किंवा पक्की येत होती, त्यांबद्दल ओढ कमी निघाली. ‘येतंय बहुतेक, पण खात्री नाही’ अशा मधल्या प्रश्नांना ती सगळ्यात जास्त होती.

म्हणून सुरुवातीच्या तीस सेकंदांत आरडाओरडा नको, फट हवी. पडद्यावर २५ मेचं छायाचित्र, मग १० जूनचं. निवेदन दोनच वाक्यांचं: ‘सोळा दिवसांत अख्खं सरोवर रंगलं. हे पाणी पुण्याच्या प्रयोगशाळेत नुसतं स्थिर ठेवलं तेव्हा त्याचं काय झालं, ते शेवटी बघू.’ बस. प्रेक्षकाला अंदाज बांधता येतो, पण खात्री वाटत नाही. ‘शास्त्रज्ञही चक्रावले!’ असं ओरडलं तर फट पडत नाही, नुसता आवाज होतो. शिवाय शीर्षकात जे दाखवलं ते पहिल्या काही सेकंदांत दिसलं नाही, तर आलेखाची रेघ तिथेच कड्यावरून खाली येते.

आता मधली सात मिनिटं. खरी परीक्षा इथे आहे, आणि मला वाटतं बहुतेक व्हिडिओ इथेच मरतात. ‘साउथ पार्क’ या अमेरिकी मालिकेच्या निर्मात्यांनी न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांना एक सोपी कसोटी सांगितली होती. दोन प्रसंगांमध्ये ‘आणि मग’ येत असेल तर गोष्ट ढिली आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ आलं पाहिजे. लोणारला ती लावून बघा. त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, म्हणून पाण्याची वाफ होत राहिली. म्हणून क्षार दाटले आणि मुळातच अल्कधर्मी असलेलं पाणी आणखी तीव्र झालं. पण क्षाराला गुलाबी रंग नसतो. म्हणून संशय जिवंत गोष्टीवर जातो. पहिला संशयित ड्युनॅलिएला नावाचं शेवाळ: एरवी हिरवं, पण खारं पाणी आणि कडक ऊन मिळालं की लालसर रंगद्रव्य साठवणारं. दुसरा संशयित हॅलोआर्किया, म्हणजे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव, ज्यांचं रंगद्रव्यच गुलाबी. दोघांवरही आळ घेता येतो, आणि प्रेक्षक मनातल्या मनात एकाची बाजू घेतो. ताण म्हणतात तो हाच. त्यासाठी धडधडतं पार्श्वसंगीत लागत नाही.

अवघड माहितीची जागाही इथलीच. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबवलं आणि त्या वेळात एक अनोळखी चेहरा दाखवला. प्रश्नाबद्दल उत्सुकता जितकी जास्त, तितका प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेला तो चेहरा नंतर अधिक लक्षात राहिला. विवराचा व्यास, बेसॉल्टचा खडक, पाण्याची क्षारता हे सगळं पहिल्या मिनिटात जड वाटतं. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधे ठेवलं, की तेच पचतं. मी स्वतः संहिता लिहिताना व्याख्या नेहमी वर ठेवायचो आणि लोक तिथेच पळायचे. त्याच व्याख्या खाली सरकवल्या, शब्दही बदलला नाही, तरी ऐकल्या गेल्या.

आठव्या मिनिटाला फेड. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा त्यांत हॅलोआर्किया मोठ्या संख्येने सापडले. पण हे वाक्य म्हणजे फेड नव्हे, तो निकाल झाला. फेड म्हणजे आपण सुरुवातीला वचन दिलं ते दृश्य: गुलाबी पाणी काही काळ न हलवता ठेवलं, जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यात राहणाऱ्यांचा होता. पुढे पाऊस पडला, क्षार पातळ झाले आणि सरोवराचा गुलाबीपणा ओसरला. इथे संपादकाने स्वतःला एकच विचारावं: पहिल्या तीस सेकंदांत जो प्रश्न टाकला, त्याचंच हे उत्तर आहे का? ‘अशी ही निसर्गाची किमया’ म्हणून सुटका करून घेतली, तर प्रेक्षक फसवणूक विसरत नाही आणि पुढचा व्हिडिओ उघडत नाही.

पुढचा व्हिडिओ उघडायला कारण लागतं, आणि ते शेवटी चिकटवून चालत नाही. अर्धवट राहिलेलं काम मेंदू विसरत नाही, असं ब्लूमा झायगार्निक यांच्या १९२७ च्या प्रयोगांचा दाखला देऊन सांगतात. नंतरच्या प्रयोगांत तो परिणाम कधी दिसला, कधी नाही. त्यामुळे चालू प्रश्न अर्धवट तोडून ‘उरलेलं भाग दोनमध्ये’ करण्यात शहाणपण नाही. पहिला प्रश्न पुरा फेडायचा आणि दुसरा वाटेत पेरून ठेवायचा.

लोणारमध्ये तो तयारच आहे. पाचव्या मिनिटाला विवराचा उल्लेख येतो, तेव्हा सहज म्हणायचं, की त्याचं वय किती यावर एकमत नाही; आणि तिथून पुढे जायचं. फेड झाली की तो धागा उचलायचा. शेवटी पुढच्या व्हिडिओची चौकट दाखवायला यूट्यूब ५ ते २० सेकंद देतं. ‘तर मित्रांनो, आजच्यापुरतं एवढंच’ हे शब्द कानावर पडताच बोटं पडद्याकडे जातात, तेव्हा ते वाक्य गाळा आणि ते सेकंद या दोन आकड्यांना द्या: एका पद्धतीने मोजलं तर लोणारचं वय निघतं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार.