तीस दिवसांचा आणि कॅलेंडर महिन्याचा प्रीपेड प्लॅन

तीस दिवसांचा प्लॅन आणि कॅलेंडर महिन्याचा प्लॅन हे भारतातील प्रीपेड मोबाइल सेवेच्या वैधतेचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात वैधता दिवसांच्या संख्येने मोजली जाते, तर दुसऱ्यात ती तारखेने ठरते. त्यामुळे एकाच दिवशी सुरू केलेल्या या दोन प्लॅनच्या नूतनीकरणाच्या तारखा पहिल्या रिचार्जनंतर बहुधा वेगळ्या होतात आणि वर्षभरातील रिचार्जची संख्याही बदलते.

पार्श्वभूमी

भारतातील दूरसंचार कंपन्यांचे बहुतेक 'मासिक' प्लॅन २८ दिवसांचे असत. २८ दिवसांच्या १३ आवर्तनांचे ३६४ दिवस होतात, म्हणून बारा महिन्यांसाठी ग्राहकाला तेरा रिचार्ज करावे लागत. याबाबत ग्राहकांच्या तक्रारी आल्यानंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २७ जानेवारी २०२२ रोजी दूरसंचार दर आदेशात ६६वी दुरुस्ती केली. त्यानुसार प्रत्येक कंपनीने प्लॅन व्हाउचर, स्पेशल टॅरिफ व्हाउचर आणि कॉम्बो व्हाउचर या तिन्ही प्रकारांत तीस दिवस वैधतेचा किमान एक पर्याय आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एक पर्याय देणे बंधनकारक झाले. एखाद्या महिन्यात ती तारीख नसेल, तर त्या महिन्याची शेवटची तारीख धरली जाते. उदाहरणार्थ, ३१ जानेवारीच्या प्लॅनचे नूतनीकरण लीप नसलेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला येते.

तारखा का सरकतात

महिने २८ ते ३१ दिवसांचे असतात, पण तीस दिवसांचे आवर्तन कायम सारखेच राहते. ३१ दिवसांच्या महिन्यातून जाताना नूतनीकरणाची तारीख एक दिवस मागे येते, ३० दिवसांच्या महिन्यात ती तशीच राहते आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीतून जाताना दोन दिवस पुढे जाते.

१ जानेवारी २०२५ रोजी तीस दिवसांचा प्लॅन घेतला आणि रिचार्जचा दिवस पहिला धरला, तर वैधता ३० जानेवारीला संपते. पुढील रिचार्ज ३१ जानेवारीला करावा लागतो. त्यानंतरच्या तारखा २ मार्च, १ एप्रिल, १ मे, ३१ मे, ३० जून, ३० जुलै, २९ ऑगस्ट, २८ सप्टेंबर, २८ ऑक्टोबर, २७ नोव्हेंबर आणि २७ डिसेंबर अशा येतात. जानेवारी आणि मे महिन्यांत दोनदा रिचार्ज होतो, तर फेब्रुवारीत एकदाही होत नाही. कॅलेंडर महिन्याच्या प्लॅनमध्ये मात्र रिचार्ज दर महिन्याच्या १ तारखेलाच येतो. ज्यांचा पगार १ तारखेला होतो, त्यांच्यासाठी हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो, कारण तीस दिवसांच्या प्लॅनची मुदत पगाराच्या आधीच संपू शकते.

खर्चाची तुलना

तिन्ही प्रकारच्या प्लॅनची किंमत प्रत्येकी ३०० रुपये आहे असे मानल्यास ३६५ दिवसांच्या वर्षाचा खर्च पुढीलप्रमाणे येतो.

| वैधता | सरासरी दैनिक खर्च | ३६५ दिवसांचा खर्च |
|---|---|---|
| २८ दिवस | १०.७१ रुपये | सुमारे ३,९११ रुपये |
| ३० दिवस | १०.०० रुपये | ३,६५० रुपये |
| कॅलेंडर महिना | ९.८६ रुपये | ३,६०० रुपये |

वरील उदाहरणात तीस दिवसांच्या प्लॅनचे वर्षभरात १३ रिचार्ज होतात, म्हणजे प्रत्यक्ष ३,९०० रुपये भरले जातात. त्यावरून तो कॅलेंडर महिन्याच्या प्लॅनपेक्षा ३०० रुपयांनी महाग असल्याचा समज होतो. मात्र २७ डिसेंबरच्या तेराव्या रिचार्जचे केवळ पाच दिवस त्या वर्षात मोडतात आणि उरलेले २५ दिवस पुढील वर्षात वापरता येतात. त्यामुळे खरा फरक ५० रुपयांचाच आहे.

किमती वेगळ्या असल्यास तीस दिवसांच्या किमतीला ३६५ ने गुणून ३६० ने भागावे. येणारी रक्कम ही कॅलेंडर महिन्याच्या प्लॅनची समतुल्य किंमत होय. ३०० रुपयांसाठी ती सुमारे ३०४ रुपये येते. कॅलेंडर महिन्याचा प्लॅन याहून महाग असल्यास तीस दिवसांचा प्लॅन स्वस्त ठरतो.

वैधता वाढली तरी खर्च घटतोच असे नाही. मार्च २०२२ मध्ये जिओने दररोज १.५ जीबी डेटा देणारा कॅलेंडर महिन्याचा प्लॅन २५९ रुपयांना आणला. तेवढाच दैनिक डेटा देणारा २८ दिवसांचा प्लॅन तेव्हा २३९ रुपयांना होता. वर्षाच्या हिशेबाने पहिल्याचा खर्च ३,१०८ रुपये आणि दुसऱ्याचा सुमारे ३,११६ रुपये होतो. म्हणजे ग्राहकाला ठरलेली तारीख आणि एक रिचार्ज कमी असा लाभ मिळाला, पण पैशांची बचत जेमतेम आठ रुपयांची झाली.

मर्यादा

ही तुलना दैनिक डेटा आणि इतर सुविधा समान असतानाच लागू पडते. संपूर्ण वैधतेसाठी एकत्रित डेटा देणाऱ्या प्लॅनमध्ये दिवसांबरोबरच प्रति जीबी खर्चही पाहावा लागतो.