सावलीतला पारा

मे महिन्यातल्या एका दुपारी पुण्यात दोन तास उन्हात उभी असलेली गाडी मी सुरू केली, तेव्हा डॅशबोर्डवर 46 अंश दिसत होते. फोनवरचे अॅप 39 सांगत होते. दहा-बारा मिनिटे मोकळ्या रस्त्याने गेल्यावर गाडीचा आकडा 42 वर उतरला आणि तिथेच थांबला. सातातले चार अंश गेले, तीन उरले. या चार आणि तीन अंशांची कारणे वेगवेगळी आहेत.

गाडीचा तापमान-सेन्सर बहुतेक वेळा पुढच्या बंपरच्या आत किंवा जाळीमागे असतो. तो असतो हरभऱ्याएवढा, आणि कोणत्याही तापमापीप्रमाणे तोही शेवटी स्वतःचेच तापमान सांगतो. त्याच्याभोवतीची हवा त्याला आपल्यासारखे करून घेते तेवढाच काय तो हवेचा संबंध. उभ्या गाडीत बंपर तापतो, खालचे डांबर धगधगते, इंजिनाची ऊब पुढे सरकते आणि वारा नसतो. चार अंश तिथून आले होते. गाडी धावू लागली, ताजी हवा सेन्सरवरून वाहू लागली, तसे ते निघून गेले. सिग्नलला थांबल्यावर आकडा उगाच चढू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत खास व्यवस्था असते: गाडी थांबलेली असताना वाढलेला आकडा लगेच दाखवत नाहीत.

उरलेल्या तीन अंशांना मात्र मी चूक म्हणणार नाही. भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत तापू शकतो, आणि त्याच्या वर हात-दीड हातावरची हवा खरोखरच अधिक गरम असते. गाडीने रस्त्याची हवा मोजली. अॅपमधला आकडा मात्र अनेकदा तुमच्या गल्लीत कुणी मोजलेला नसतो. संगणकीय प्रारूप नकाशाचे काही किलोमीटरचे चौकोन पाडते आणि जमिनीपासून दोन मीटर उंचीवरचे तापमान काढते. त्याला आधार वेधशाळांच्या नोंदींचा असतो, आणि त्या नोंदी येतात सावलीतून.

सावलीच का, हे गच्चीवर पाहता येते. दोन साध्या तापमाप्या घ्या, एक उन्हात टांगा, दुसरी सावलीत. उन्हातली कितीतरी वर जाईल. आता दोन्हींवर पंखा धरा. उन्हातला पारा भराभर उतरतो, सावलीतला जेमतेम हलतो. हवा तर तीच आहे! म्हणजे उन्हातला आकडा हवेचा नव्हता. काच किती ऊन शोषते आणि वारा त्यातले किती काढून नेतो, यावर तो ठरत होता. काच बदला, वारा बदला, आकडा बदलेल.

स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी 1860 च्या दशकात यावर एक लाकडी पेटी सुचवली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ते वडील. पेटी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्या चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी भिंती असतात. त्यांतून वारा जातो, पण ऊन थेट आत येत नाही. छतही दुहेरी असते. वरचे तापले तरी मधल्या हवेमुळे ती धग खाली उतरत नाही. बाहेरून पांढरा रंग. आपल्याकडे दार उत्तरेला असते, म्हणजे निरीक्षकाने ते उघडले तरी ऊन पाऱ्यावर पडत नाही. पेटी हिरवळीवर किंवा मोकळ्या मातीवर, भिंती आणि डांबरापासून दूर उभी करतात आणि आतल्या तापमाप्या जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर राहतात. असे सगळे ठरलेले असल्यामुळेच पुण्याचा आकडा एडिनबरोच्या आकड्याशेजारी मांडता येतो.

पेटी निर्दोष नाही. वारा पूर्ण पडला आणि ऊन कडक असले की लाकूडच तापते, आणि आतला पारा अंशभर, कधी त्याहून जास्तही वर दाखवतो. रंग मळला, पट्ट्यांत कोळ्यांची जाळी साचली तरी तेच होते. म्हणून पेटी धुवावी लागते, रंगवावी लागते. काही आधुनिक केंद्रांत छोटा पंखा सेन्सरवरून सतत हवा ओढतो. गच्चीवरचा प्रयोगच तो.

नीट बसवलेले यंत्रही बिघडते. 29 मे 2024 रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने त्याची प्रमाणित उपकरणाशी तुलना केली, तेव्हा तिथला सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले.

आपल्या गाडीची अशी तपासणी पहाटे करावी. रात्रभर उघड्यावर उभी गाडी सूर्योदयापूर्वी मोकळ्या रस्त्याने पंधरा मिनिटे चालवायची. ऊन नसते, डांबर बरेचसे निवलेले असते. माझ्या गाडीने त्या वेळी 25 दाखवले, अॅपने 24. म्हणजे दुपारचे तीन अंश बहुतांशी रस्त्याचेच होते. पहाटेही तीन-चार अंशांचा फरक दिसत राहिला, तर मात्र सेन्सर तपासून घ्यावा.