चांदरातीचा फळा

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की सगळ्यांच्या नजरा पश्चिमेकडे वळतात. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. शिरखुर्म्यासाठी दूध किती घ्यायचे, हा प्रश्न जसा त्या घडीपर्यंत लटकत राहतो, तसाच चौकातल्या वार्ताफलकावर लिहिणाऱ्याचाही जीव टांगणीला लागलेला असतो. धाराशिव असो, नळदुर्ग असो की परंडा. सकाळी ईदगाहकडे निघालेल्यांना आणि त्याच रस्त्याने बाजाराला आलेल्यांना फळ्यावर शुभेच्छा दिसायच्या, तर हातात फक्त रात्रीचे काही तास उरतात.

घाईत लिहिलेला फळा लांबूनच ओळखू येतो. 'हार्दिक' ऐसपैस बसलेले असते आणि 'शुभेच्छा'तला 'च्छा' कडेला चेंगरून, खाली घसरत गेलेला असतो. लिहिणाऱ्याचे अक्षर वाईट असते असे नाही. डावीकडून सुरुवात केली, उजवीकडे जागा किती उरेल हे मोजलेच नाही, एवढीच चूक. उर्दूत लिहिणाऱ्याची हीच फजिती डाव्या कडेला होते. म्हणून उर्दूचा खुशनवीस आधी मोजतो. त्याचे माप म्हणजे कलमेच्या टोकाने उमटणारा ठिपका, ज्याला 'कत' म्हणतात. अमुक अक्षर किती कत उंच, किती कत रुंद, हे ठरलेले असते. देवनागरीत असे माप आपणच ठरवून घ्यावे लागते, आणि ते अवघड नाही.

सहा फूट रुंद, चार फूट उंच फळा घेऊ. मजकूर दोन ओळींचा: वर 'रमजान ईदच्या', खाली 'हार्दिक शुभेच्छा'. म, न, द यांसारख्या अक्षराला एक घर द्यायचे. र, काना, वेलांटीचा दंड आणि जोडाक्षरातले अर्धे अक्षर यांना अर्धे घर. क दोन्ही बाजूंनी पसरतो, त्याला दीड. दोन शब्दांमध्ये एक घर मोकळे. मात्रा, उकार आणि रफार वर-खाली बसतात, त्यांना रुंदीत जागा लागत नाही. आता मोजा. 'रमजान' चार घरे, मोकळे एक, 'ईदच्या' चार. वरची ओळ नऊ घरांची. 'हार्दिक' साडेचार, मोकळे एक, 'शुभेच्छा' चार, खालची साडेनऊ. फळ्याची रुंदी ७२ इंच. एक घर सहा इंचांचे धरले तर वरची ओळ ५४ इंच आणि खालची ५७. म्हणजे वरची ओळ डाव्या कडेपासून नऊ इंचांवर सुरू करायची, खालची साडेसात इंचांवर. दोन्ही आपोआप मधोमध बसतात.

उंचीचेही तसेच. अक्षर आठ इंच उंच, मात्रा-रफाराला वर चार इंच, उकाराला खाली चार इंच. वरच्या ओळीची शिरोरेषा फळ्याच्या वरच्या कडेपासून १२ इंचांवर, खालच्या ओळीची २८ इंचांवर. या खुणा करून सुतळीला खडूची भुकटी चोळायची, दोघांनी दोन टोके ताणून धरायची आणि मधोमध उचलून सोडायची. सुतार लाकडावर रेघ मारतात तीच रीत. पुसट रेघ उमटते, नंतर ओल्या फडक्याने निघते. हे सगळे चंद्र दिसण्याच्या आधीच, दुपारी उरकून ठेवता येते.

खरी कसोटी यानंतर. घरे मोजून लिहिले तरी अक्षरे सारखी दिसतीलच असे नाही, कारण डोळा इंच मोजत नाही, दोन अक्षरांमधला मोकळा काळा भाग मोजतो. 'हार्दिक'मध्ये 'हा'चा काना आणि 'र्दि'च्या वेलांटीचा दंड शेजारी शेजारी उभे राहतात. ते जवळ आले की पूर्णविरामाचे जोडदंड वाटतात, म्हणून तिथे दोन इंच अंतर हवे. 'जा'नंतरच्या 'न'ची डावी बाजू वर-खाली उघडी असते. तिथे दीड इंच पुरतो. 'र'च्या पोटात स्वतःचीच पोकळी असते, म्हणून 'म' त्याच्या आणखी जवळ, इंचभरावर आणायचा. हे आकडे सुरुवातीपुरते. पुढे तीन-तीन अक्षरे पाहत जायचे, बाकीची हाताने झाकायची, आणि मधले अक्षर दोघांच्या बरोबर मध्ये वाटते का ते बघायचे. पंधरा पावले मागे जाऊन डोळे किलकिले केले की जिथे काळे भगदाड आहे ते लगेच कळते.

ही तपासणी शिरोरेषा ओढायच्या आधी करायची. अनेकजण आधी जाड रेघ मारतात आणि तिला अक्षरे लटकवतात. रेघ सगळ्यांना बांधून टाकते, चुकलेले अंतर तेवढ्यापुरते लपते आणि पुसायचे म्हटले तर रेघही पुसावी लागते. शिरोरेषा शेवटी.

आणि ती ओढतानाही हात सैल सोडून चालत नाही. 'भ'च्या डोक्यावर डावीकडे रेघ तुटलेली असते. पट्टी लावून सरळ रेघ मारली की 'भ'चा 'म' होतो आणि चौकात 'शुमेच्छा' झळकतात. जिल्ह्याच्या नावालाही हाच धोका आहे. २०२३ मध्ये नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. 'ध'वरची फट बुजली की ते 'घाराशिव' वाचले जाते. उर्दूत वरचा एक नुक्ता खाली आला तर 'खुदा'चा 'जुदा' होतो, तसेच हे. 'हार्दिक'मध्ये रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर येतात. वेलांटीची कमान द पुरतीच ठेवून रफार तिच्या उजव्या टोकाशी बसवायचा, नाहीतर दोघांचा गुंता होतो. ही जागा मोकळी करण्याच्या नादात काहीजण 'दि' दीर्घ करतात, ते तर फारच वाईट दिसते.

खडू कोरडा वापरला तर भुकटी झडते आणि सकाळपर्यंत अक्षर फिके पडते. तो थोडा वेळ पाण्यात बुडवून, इंचभर तुकडा मोडून आडवा धरला तर बोरूच्या टोकासारखी रुंद पट्टी उमटते. ओले असताना ती पुसट दिसते, म्हणून दुसऱ्यांदा गिरवायचा मोह होतो. तो टाळावा, वाळल्यावर ती पांढरीशुभ्र होते. लाकडी फलकावर ऑइल पेंटने लिहायचे तर आधी पॉलिश पेपर आणि प्रायमर हवा, नाहीतर लाकूड रंग शोषते आणि रेषांच्या कडा फुटतात. ते काम एका रात्रीचे नव्हे.

२०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ मार्चला. असा योग आला की वरच्या मापांचा उपयोग होतो. 'गुढीपाडव्याच्या' हा शब्द याच हिशेबाने मोजला तर तोही बरोबर नऊ घरांचा निघतो: गु एक, ढी दीड, पा दीड, ड एक, व्या दोन, च्या दोन. सुरुवात तीच, नऊ इंचांवर. 'गु'चा उकार खाली येतो तो 'हार्दिक'मधल्या 'हा'च्या वर, जिथे ना मात्रा आहे ना रफार. चंद्र दिसल्यावर फक्त वरची ओळ ओल्या फडक्याने पुसायची, फळा वाळू द्यायचा आणि 'रमजान ईदच्या' लिहायचे. खालच्या 'हार्दिक शुभेच्छा'ला हात लावायचे काम नाही.